‘रिटर्न ऑन इक्विटी’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता: एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचा अनुवाद करतेय. ‘रिटर्न ऑन इक्विटी’ला मी ‘समभागावरील परतावा’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘स्वभांडवलावरील परतावा’ केलं. वर्तमानपत्रात तर मी समभागच वाचत आलेय. मूळ वाक्य असं आहे: ‘कामगिरी सुधारल्याने हे प्रमाण 21 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले.’

धोंडोपंत: दोन्ही चूक. परतावा म्हणजे तिकीट रद्द केल्यावर मिळतो तो. ‘स्वनिधिलाभ’ म्हणा.

जमाखर्ची: पंत, ‘स्वनिधिलाभ’ वाचून भागधारक अहवाल मिटून ठेवतील. मुक्ता, तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. शेअर बाजारात कुणी काय भावाने घेतला याचा इथे संबंध नाही. छेदात येतो तो ताळेबंदातला मालकांचा पैसा, म्हणजे भागभांडवल आणि साठलेला नफा. पण मला शब्दापेक्षा ते वाक्य खटकतंय. निव्वळ नफा किती झाला?

मुक्ता: 42 कोटींवरून 36 कोटी. कर्ज 800 वरून 900. त्या 100 कोटींतून कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतलेत.

जमाखर्ची: मग कामगिरी कुठली सुधारली? मांडून बघा. धंद्यात एकूण 1000 गुंतलेत आणि व्याज-कराआधीचा नफा दोन्ही वर्षी 120, असं धरू. आधी मालकांचे 200, कर्ज 800. 8 टक्क्यांनी व्याज 64, उरले 56, पाव हिस्सा कर गेला की 42. 200 वर 42 म्हणजे 21 टक्के. पुढच्या वर्षी मालकांचे 100, कर्ज 900, व्याज 72. करानंतर 36 उरतात, पण आता ते 100 वर. धंद्याने एक पैसाही जास्त कमावला नाही, नफा उलट घटला. छेद निम्मा झाला, एवढंच.

रोखठोक: म्हणूनच मी म्हणतो, हे प्रमाण 20 च्या वर दिसलं की समजायचं, कर्जाचा फुगा आहे.

जमाखर्ची: तसं सरसकट नाही. विक्रीवर चांगला नफा सुटत असेल किंवा माल झपाट्याने फिरत असेल, तरी आकडा वर जातो. ड्युपाँट कंपनीत हिशेब असाच फोडून बघायला सुरुवात झाली: विक्रीवर किती सुटतं, मालमत्तेच्या किती पट विक्री होते, आणि मालकांच्या पैशाच्या किती पट मालमत्ता आहे. पहिले दोन धंद्याचे, तिसरा उसनवारीचा. मुक्ताच्या कंपनीत तो 5 वरून 10 झालाय.

निशिगंधा: माझंच बघा. घर घेताना 20 टक्के माझे, बाकी कर्ज. भाव दीडपट झाला. माझा परतावा 250 टक्के ना?

रोखठोक: हप्त्यातलं व्याज कुठे गेलं ताई?

निशिगंधा: ते तर भाड्याऐवजी धरलंय. कर्जामुळेच फायदा झाला, एवढंच म्हणते.

जमाखर्ची: भाव चढला म्हणून झाला. 20 टक्के उतरला असता तर तुमचे सगळे गेले असते आणि कर्ज तसंच राहिलं असतं. कंपनीचंही तेच. 120 ऐवजी 60 च सुटले आणि कर्ज 900 असेल, तर 72 व्याज भरून 12 चा तोटा. मालकांच्या 100 पैकी 12 एका वर्षात संपले. बिनकर्जी असती तर तिला त्याच वर्षी 1000 वर 45, म्हणजे साडेचार टक्के मिळाले असते. चांगल्या वर्षीही व्याजदर 12 टक्के झाला तर उरतात 12 आणि करानंतर 9. 100 वर नऊच टक्के, बिनकर्जी कंपनीइतके. धंदा एकूण पैशावर 12 टक्के मिळवतो आणि कर्जालाही 12 च पडतात, मग मालकाला कर्जातून काय उरणार? जोखीम तेवढी त्याची.

वाचस्पती: इथे इंग्रजी कायद्यातला जुना अर्थ बघा. गहाण टाकलेली मिळकत कर्ज फेडून सोडवून घेण्याचा जो हक्क, त्यालाही इक्विटीच म्हणत. देणं भागवून उरेल ते मालकाचं. म्हणून मला ‘शेषहक्क’ आवडतो.

धोंडोपंत: तो शेषच उणे झाला तर?

जमाखर्ची: होतो की. मॅकडोनाल्ड्सने कर्ज काढून इतके शेअर परत घेतले की ताळेबंदात मालकांची बाजू उणे झाली. धंदा नफ्यात, पण हे प्रमाण निरर्थक. तिथे कर्जासकट एकूण भांडवलावरचा परतावा बघावा. मुक्ताच्या कंपनीत तो दोन्ही वर्षी 12 च आहे.

रोखठोक: आणि बँका? त्या तर लोकांच्या ठेवींवरच उभ्या. त्यांना हा नियम कसा लावणार?

जमाखर्ची: नाही लावत. बँकेत उसना पैसा हाच कच्चा माल. तिथे मालमत्तेवर किती सुटतं आणि बुडीत कर्जं किती, हे बघतात.

मुक्ता: अहवाल लिहिणाऱ्यांना ‘कामगिरी सुधारल्याने’ काढायला सांगू का? की अनुवादकाने गप्प बसायचं?

धोंडोपंत: आधी ‘परतावा’ काढा.

वाचस्पती: परताव्याला माझी हरकत नाही. ‘स्वभांडवल’ मात्र सदोष आहे. कंपनीच्या दृष्टीने ते ‘स्व’ नाहीच, मालकांचं देणंच आहे.

निशिगंधा: म्हणजे मी कर्ज लवकर फेडू की नको?