मदत हवी आहे : कोष्टकात ४८ ची ओळ नसताना काय-स्क्वेअरचे मूल्य कसे काढावे?

परीक्षेत मिळणाऱ्या छापील कोष्टकांत डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या ओळी टी-चाचणीसाठी ४० नंतर थेट ६० आणि काय-स्क्वेअरसाठी ४० नंतर ५० अशा आहेत, आणि मला दोन्हीकडे ४८ साठी ५ टक्के पातळीचे मूल्य हवे आहे. संगणक चालत नाही, साधा कॅल्क्युलेटर चालतो.

टीची दुहेरी टोकाची मूल्ये २.०२१ आणि २.००० आहेत. सरळ प्रमाणाने २.०१२६ येते, तर १/४८ हे १/४० आणि १/६० यांच्या बरोबर मध्ये असल्याने व्यस्तांकांवरून २.०१०५ येते. घरी संगणकावर पडताळले तेव्हा खरे मूल्य २.०१०६ निघाले, म्हणून टीपुरते माझे समाधान झाले आहे.

अडचण काय-स्क्वेअरची आहे. ५५.७५८ आणि ६७.५०५ यांवरून सरळ प्रमाणाने ६५.१५६ येते, खरे मूल्य ६५.१७१ आहे. वेळ कमी असेल तर अलीकडची लहान ओळ घ्यावी, असे आम्हाला शिकवले आहे. टीमध्ये त्याने मूल्य वाढते आणि निर्णय सावध राहतो, परंतु इथे मूल्य घटते. माझ्या उदाहरणात चाचणीमूल्य ६०.४ होते, त्यामुळे ४० च्या ओळीवरून शून्य गृहीतक नाकारले गेले असते, जे ४८ ला नाकारता येत नाही.

तेव्हा काय-स्क्वेअरच्या उजव्या टोकासाठी पुढची मोठी ओळ घेणे हाच योग्य नियम आहे का, आणि चाचणीमूल्य सरळ प्रमाणाने काढलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आले, तर तो आकडा नेहमी खऱ्यापेक्षा किंचित कमीच असतो असे धरून चालावे का?