कॉस्टिंगचा पेपर पुन्हा तपासा, एवढं लिहून भागतं का?

उदगीरची_परीक्षार्थी: सीए इंटरचा निकाल लागला. संस्थेला उद्या हा अर्ज पाठवणार आहे. जाणकारांनी एकदा नजर टाकावी.
"माननीय महोदय, मला कॉस्टिंगमध्ये 37 मार्क पडले आहेत. माझी अपेक्षा किमान 55 ची होती. प्रश्न 4 (ब) मी पूर्ण सोडवला, तरी 5 पैकी 1 च मार्क दिला आहे. ग्रुपची टोटल 156 असूनही फक्त 3 मार्कांसाठी मी नापास आहे. वर्षभराची मेहनत वाया जात आहे. कृपया माझा पेपर पुन्हा तपासून न्याय द्यावा."

नांदेडचा_मास्तर: असे अर्ज दर निकालानंतर माझ्याकडे वाचायला येतात आणि दरवेळी जीव जळतो. पोरं मुदतीचे दिवस रडण्यात घालवतात, आणि जे लिहायला पाहिजे ते लिहीतच नाहीत.

व्हेरिफिकेशनचा अर्ज गेला की तिकडे दोनच गोष्टी बघतात. एखादं उत्तर किंवा उत्तराचा भाग तपासायचा राहिला का, आणि बेरीज चुकली का. 5 पैकी 1 ऐवजी 3 द्यायला हवे होते का, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही. त्यामुळे तुझ्या अर्जातली मेहनत, अपेक्षा आणि 4 (ब), सगळं त्यांच्यासाठी बिनकामाचं आहे. उत्तर येईल 'नो चेंज', आणि तू म्हणशील की अन्याय झाला.

आता सांग, उत्तरपत्रिकेची प्रत मागवलीस का? ती न बघता अर्ज लिहिणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

उदगीरची_परीक्षार्थी: प्रत परवाच आली, सर. त्यात 4 (ब) बघूनच अर्ज लिहिला. गणित असं होतं. बजेटमध्ये ओव्हरहेड 6,00,000 आणि मशीन अवर्स 40,000, म्हणून रेट 15. प्रत्यक्षात तास 36,000 आणि खर्च 5,85,000. अंडर-ॲब्सॉर्प्शन काढायचं, त्यातलं 60 टक्के सदोष नियोजनामुळे म्हणून कॉस्टिंग पी अँड एलला आणि उरलेलं सप्लिमेंटरी रेटनं विकलेले 7,200, तयार 800 आणि पन्नास टक्के झालेले अर्धवट 2,000 नग यांच्यावर वाटायचं. मी 36,000 आणि 15 चा गुणाकार 5,04,000 लिहिला. 5,40,000 पाहिजे होता. पुढची रीत मात्र सगळी बरोबर आहे.

लातूर_रोड: सर, उगाच घाबरवू नका तिला. 2011 ला आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे. मग बघायचा हक्क आहे तर पुन्हा तपासून घ्यायचाही आहेच की! तिनं अर्जात कोर्टाचा निकाल टाकावा, बघा कसे हलतात.

नांदेडचा_मास्तर: पहिलं अर्धं बरोबर, दुसरं अर्धं चूक. 2011 चा निकाल माहिती अधिकारात उत्तरपत्रिका बघण्याचा आणि तिची प्रत मिळण्याचा आहे. पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्यात कुठंही नाही. ते तर 1984 ला आपल्याच राज्य बोर्डाच्या परितोष शेठ प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय. नियमात तरतूद नसेल तर फेरमूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. तिनं तुझं ऐकून कोर्टाचा निकाल टाकला असता तर अर्ज वाचणारा कारकून हसला असता.

लातूर_रोड: बरं, फेरतपासणीचा मुद्दा मागे घेतो. पण माहिती अधिकारात पानाला दोन रुपयांत प्रत मिळते, हे तरी खरं ना? संस्था पेपरमागं 500 घेते. 2019 ला कोर्टानंच सांगितलं की माहिती अधिकारात मागितलं तर त्या कायद्याचीच फी लागेल.

नांदेडचा_मास्तर: खरं आहे, मान्य. पण माहिती अधिकाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात आणि व्हेरिफिकेशनची मुदतही निकालापासून महिनाभरच असते. दोन पैसे वाचवायला गेलेल्या एका पोराची प्रत मुदत संपल्यावर आली, मी स्वतः बघितलंय. प्रतीत चूक सापडली, आणि अर्ज करायला दार बंद.

परभणीचे_काका: पोरी, ऐक माझं. आमच्या वेळी मला एका विद्यापीठात कॉस्टिंगला 34 पडले होते. मी पुनर्मूल्यांकन टाकलं, दुसऱ्या मास्तरानं तपासलं, 52 झाले! तेव्हा घाबरायचं नाही. अर्जात जोर लावून लिही की मला 60 पाहिजेत. हे मास्तर लोक कायदे काढून पोरांना गप्प बसवायलेत.

नांदेडचा_मास्तर: काका, तुमचं पुनर्मूल्यांकन विद्यापीठाचं होतं. तिथं तशी तरतूद होती, दुसरा परीक्षक नव्यानं मार्क देत होता. इथं ती तरतूदच नाही. तुमच्या 52 मुळं हिचं काही होत नाही.

परभणीचे_काका: मग ही काय परीक्षा झाली? तपासणाऱ्यानं चूक केली तर दाद कुठं मागायची?

जालना_एमआयडीसी: काकांचा राग मला पटतो. मी इथल्या रोलिंग मिलमध्ये कॉस्टिंग बघते. 4 (ब) मध्ये फक्त दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. 5,04,000 धरलं तर अंडर-ॲब्सॉर्प्शन 81,000 येतं. त्यातले 48,600 पी अँड एलला गेले, उरले 32,400. विकलेले 7,200, तयार माल 800 आणि अर्धवट 2,000 नगांचे पन्नास टक्के म्हणजे 1,000. एकूण 9,000. रेट 3.60. तिनं असंच केलंय ना? अर्धवट मालाचे 1,000 धरायचं भले भले विसरतात. ते तिला जमलं आणि मार्क मात्र 1? आमच्याकडं ज्युनियरनं अशी शीट आणली तर मी तो एक आकडा गोल करते, बाकीचं पुन्हा करायला लावत नाही.

उदगीरची_परीक्षार्थी: हो मॅडम, 3.60 च आलं होतं. बरोबर उत्तर 2 रुपये आहे, 18,000 भागिले 9,000.

नांदेडचा_मास्तर: गुणाकार लिहून दाखवला होतास का? म्हणजे 36,000 गुणिले 15, असं?

उदगीरची_परीक्षार्थी: नाही. रेट 15 वर लिहिला होता. पुढं थेट 'ॲब्सॉर्ब्ड 5,04,000' लिहिलं. क्लासमध्ये सांगायचे, वेळ वाचवा.

नांदेडचा_मास्तर: मग परीक्षकानं कसं ओळखावं, की अंक उलटले का तास चुकीचे धरले? रांगेत शेकडो पेपर असतात.

जालना_एमआयडीसी: कसं ओळखावं म्हणजे? 5,04,000 भागिले 15 केलं तर 33,600 येतात, हा आकडा प्रश्नात कुठंच नाही. दहा सेकंदांचं काम आहे! परीक्षकानं तेवढं केलं नाही आणि पोरीचा एक अटेम्प्ट गेला. तुम्ही तपासणाऱ्यांची बाजू घेताय, सर.

नांदेडचा_मास्तर: मी बाजू घेत नाही, मी नियम सांगतोय. माझ्या हातात पेपर असता तर पद्धतीचे मार्क दिले असते. पण व्हेरिफिकेशनमध्ये त्याचा उपयोग शून्य आहे, हे तिला कळलं पाहिजे.

लातूर_रोड: आणि हे सगळं इंग्रजीत. तालुक्याला मराठी माध्यमातून बी.कॉम. केलेल्या पोरीला 'ड्यू टू डिफेक्टिव्ह प्लॅनिंग' वाचून त्याचं काय करायचं हे कळायला वेळ लागतो. हिंदीचा पर्याय असतो म्हणतात, पण हिंदीत चांगली प्रॅक्टिस मॅन्युअल आहेत कुठं?

परभणीचे_काका: हिंदी कशाला? मराठीत का नाही? आमची पोरं मराठीत शिकतात, मराठीत हिशोब करतात, आणि पेपर मात्र दुसऱ्याच्या भाषेत.

जालना_एमआयडीसी: काका, मी मराठी माध्यमाचीच. मिलमध्ये पहिल्या दिवशी 'बर्निंग लॉस' हा शब्द ऐकला. भट्टीत बिलेट तापवताना वर पापुद्रा धरतो आणि वजन घटतं, तेच. पुस्तकात तोच 'नॉर्मल लॉस' म्हणून चार वेळा शिकले होते आणि ओळखता आला नाही. मला मराठी शब्द नको होते, मला त्या भट्टीपाशी उभं करायला पाहिजे होतं.

लातूर_रोड: म्हणजे मराठीत पेपर नकोच का? हे मी मानणार नाही. तुमचं ठीक आहे, तुम्ही पास झालात. माझी बहीण दोनदा इथंच अडकली. शब्द कळले असते तर निम्मा वेळ वाचला असता.

जालना_एमआयडीसी: मी नको म्हटलंच नाही. पण 'ओव्हरहेड'ला 'उपरिव्यय' म्हटल्यानं कळेल का तिला?

परभणीचे_काका: कळेल! आमच्या बारावीच्या पुस्तकात असेच शब्द होते, आम्हाला कळायचे.

नांदेडचा_मास्तर: भाषेचं भांडण उद्याही करता येईल, अर्जाची मुदत थांबणार नाही. पोरी, मी सांगतो ते आत्ता कर. प्रत पहिल्या पानापासून उघड. प्रत्येक उत्तराशेजारी मार्क आहे का बघ. चुकीच्या उत्तरालाही तपासणारा शून्य लिहितो किंवा फुली मारतो. जिथं काहीच खूण नाही, ते पान नजरेतून सुटलेलं असू शकतं. मग सगळे मार्क कागदावर उतरवून बेरीज कर आणि मुखपृष्ठाशी लाव. आणि सांगितल्यापेक्षा जास्त प्रश्न सोडवले असशील तर जादा प्रश्न सोडून दे, तो मोजत नाहीत.

उदगीरची_परीक्षार्थी: सर, बेरीज 37 च येते. पण पान 31 वर काहीच नाही! प्रश्न 2 (अ) चं रिकन्सिलिएशन मला वेळ उरल्यावर पूर्ण करायचं होतं. प्रश्न 6 संपला, मग दोन पानं कोरी सोडली, आणि पान 31 वर 'प्रश्न 2 (अ) पुढे चालू' लिहून संपवलं. ना टिक, ना फुली, ना शून्य. पहिल्या भागाला 6 पैकी 2 आहेत.

लातूर_रोड: बघा! दोन कोरी पानं दिसली आणि तपासणारा थांबला.

नांदेडचा_मास्तर: शक्य आहे. पहिल्या भागाशेजारी 'पुढे पान 31' असं लिहिलं होतंस का?

उदगीरची_परीक्षार्थी: नाही सर. पान 31 वर लिहिलं, तिथं नाही लिहिलं.

नांदेडचा_मास्तर: पुढच्या वेळी दोन्ही टोकांना लिही. आता 4 (ब) अर्जातून काढून टाक. ते ठेवलंस तर वाचणाऱ्याला वाटेल की मार्क वाढवून मागतेय, आणि पान 31 त्याच गर्दीत हरवेल.

जालना_एमआयडीसी: 4 (ब) काढायचा सल्ला मला मनातून पटत नाही. पण अर्जापुरता बरोबर आहे.

उदगीरची_परीक्षार्थी: आता असा लिहिला आहे.
"महोदय, कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मला मिळाली आहे. प्रश्न 2 (अ) चे उत्तर पान 9 वर सुरू होऊन पान 31 वर पूर्ण झाले आहे. पान 31 च्या सुरुवातीला तशी नोंद आहे. पान 9 वर 2 मार्क दिलेले आहेत, परंतु पान 31 वर तपासल्याची कोणतीही खूण नाही. पान 28 व 29 कोरी आहेत. पान 31 वरील उत्तर मूल्यांकनातून राहिले आहे का, याची पडताळणी करावी. पान 9 आणि 31 ची झेरॉक्स जोडली आहे. रोल नंबर वर लिहिला आहे."

परभणीचे_काका: पण 60 मागितले नाहीस.

नांदेडचा_मास्तर: कोरी पानं 28 आणि 29, आणि पुढचा भाग 31 वर, मग 30 वर काय आहे?

उदगीरची_परीक्षार्थी: पान 30 वर वर्किंग नोट आहे, तिलाही खूण नाही. सकाळी दुरुस्त करून पाठवते.