‘घरगुती शिकवणी’ म्हणजे नक्की कोणाच्या घरी?

अबोली: माझी वहिनी फोंड्यात मुलांच्या घरी जाऊन शिकवते, पाचवी ते सातवीचं गणित आणि विज्ञान. फेसबुकवर पैसे भरून तिची जाहिरात द्यायची आहे आणि मजकूर मी लिहिते आहे. दोन मथळे केलेत, ‘घरगुती शिकवणी, फोंडा’ आणि ‘होम ट्यूशन, फोंडा’. दोन्हींचा मजकूर जवळपास सारखाच आहे: अनुभवी शिक्षिका, वैयक्तिक लक्ष, माफक फी. मावशीने वाचलं आणि म्हणाली, घरगुती शिकवणी म्हणजे मुलांनी बाईंच्या घरी जायचं, आम्ही सगळी तशीच शिकलो. मी आजवर याच्या बरोबर उलट समजत आले. तुमच्याकडे काय अर्थ घेतात? आणि दोन मथळ्यांतला कुठला चालेल?

डिचोलकर: मावशींचं बरोबर आहे. घरगुती खानावळीत जेवायला आपण जातो, खानावळ आपल्या घरी येत नाही. घरगुती म्हणजे ज्याचा धंदा त्याच्या घरात. तुम्हाला हवा तो अर्थ ‘गृहशिकवणी’त आहे. गृहपाठ मूल स्वतःच्या घरी करतं, तशी ही शिकवणी. होम ट्यूशन मात्र नको. शिकवणीसारखा नेमका शब्द असताना ट्यूशनची भीक कशाला मागायची?

रेवा: दादा, ‘गृहशिकवणी’ मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. आमच्या वाड्यावर एकही आई हा शब्द बोलणार नाही. मुलगा ट्यूशनला जातो असंच म्हणतात, कोंकणीतही ट्यूशनाक वता. जाहिरात शब्दकोशात घालायची नाही, संध्याकाळी फोन चाळणाऱ्या आईला दाखवायची आहे.

डिचोलकर: बोलत नाहीत म्हणून लिहायचंच नाही, असं केलं तर दहा वर्षांनी ‘शिकवणी’ही कोणाला कळणार नाही. पेरणी, कापणी, मळणी, तशी शिकवणी. हा आपल्या भाषेचा जिवंत प्रत्यय आहे.

मांडवीकाठ: पणजीत छोट्या दुकानदारांच्या जाहिराती लावणं हेच माझं काम आहे, म्हणून दोन्हींवर बोलते.

आधी शब्दाचं. इथे विशेषणापेक्षा क्रियापद महत्त्वाचं आहे. पालक शिकवणी लावतात, बाई शिकवणी घेतात, मूल शिकवणीला जातं. ‘घरगुती शिकवणी’त क्रियापदच नाही, त्यामुळे कोण कोणाकडे जाणार हे वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरायचं. मावशीने तिच्या आठवणीतून भरलं, तुम्ही तुमच्या. ‘होम ट्यूशन’मध्येही तोच घोटाळा आहे, म्हणून मराठी की इंग्रजी हा वाद इथे काही सोडवत नाही. ‘घरी येऊन शिकवणी’ असं लिहा. ‘येऊन’ आलं की प्रश्न मिटला.

आता तुमचे दोन मथळे. त्यांत एकच वचन दोन शब्दांत सांगितलंय. पैसे खर्चून यातून फार तर शिकवणी जिंकली की ट्यूशन एवढं कळेल. पालकाला नेमकं काय खुपतंय ते कळणार नाही. स्पर्धा लावायचीच तर दोन वेगळ्या कारणांची लावा.

अबोली: वेगळी कारणं म्हणजे कशी?

मांडवीकाठ: वहिनींना विचारा, पालक पहिल्या फोनवर काय सांगतात.

अबोली: विचारलं. दोन गोष्टी सारख्या येतात. पहिली, मूल चौथीपर्यंत मराठी शाळेत होतं आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीतून आलं. मुलाला भागाकार येतो, पण प्रश्नातलं ‘रिमेंडर’ वाचून ते थांबतं. दुसरी, आई-वडील दोघंही नोकरीवर, संध्याकाळी मुलाला क्लासला सोडायला आणि आणायला घरी कोणी नसतं.

मांडवीकाठ: मग जाहिराती तयारच आहेत. मी असं लिहीन.

पहिली. मजकूर: ‘भागाकार येतो, पण प्रश्नात रिमेंडर दिसलं की मूल अडतं? मराठी शाळेतून पाचवीत आलेल्या मुलांना गणित-विज्ञान आधी मराठीतून समजावतो, मग इंग्रजीतून सोडवून घेतो. फोंडा, कवळे, बांदोडा, म्हार्दोळ.’ मथळा: ‘घरी येऊन शिकवणी, पाचवी ते सातवी’.

दुसरी. मजकूर: ‘संध्याकाळी क्लासला सोडायला घरी कोणी नाही? बाई ठरल्या वेळी तुमच्या घरी येतील. गणित आणि विज्ञान, पाचवी ते सातवी. फोंडा, कवळे, बांदोडा, म्हार्दोळ.’ मथळा: ‘सोडणं-आणणं नको, बाई घरी येतील’.

‘अनुभवी’, ‘वैयक्तिक लक्ष’, ‘माफक’ हे तिन्ही काढलेत. प्रत्येक क्लासच्या फलकावर तेच असतं, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर तिथे थांबत नाही.

खांडेपार: फी लिहिली नाही तर लोक विचारणार कसे? आणि मथळा एवढा लांब? मथळा वर ठळक, दोन शब्दांचा असावा.

मांडवीकाठ: इथेच ‘मथळा’ हा शब्द फसवतो. फेसबुकवर Primary text म्हणून जे लिहितो ते चित्राच्या वर दिसतं आणि Headline चित्राच्या खाली, बटणाशेजारी. म्हणजे पालक आधी मजकुराची पहिली ओळ वाचतो, मग चित्र पाहतो आणि मथळा शेवटी. म्हणून अडचण पहिल्या ओळीत आणि काय मिळणार ते मथळ्यात घातलं. मजकूर लांबला की साधारण 125 चिन्हांनंतर See more येतं. पुढचं वाचायला फार थोडे जण थांबतात. देवनागरीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते. ‘शिकवणी’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, संगणकाला ती सहा आहेत. गावांची नावं शेवटी गेलीत, ती कापली जाऊ शकतात. तशी दिसली तर नावं चित्रावर टाका. फोनवर पूर्वदृश्य बघूनच जाहिरात सोडा.

डिचोलकर: मथळा माथ्यावरूनच आला आहे. पायाशी बसलेल्या ओळीला मथळा म्हणणंच चूक. ‘तळओळ’ म्हणा.

रेवा: पुन्हा नवीन शब्द!

केरीकर: माझाही अनुभव सांगतो. मी पेटी शिकवतो. पोस्टखालचं बूस्ट बटण दाबलं, चित्र छान होतं, लाइक भरपूर आले. शिकायला एकही जण आला नाही. मग शब्द कोणते का असेनात, काय फरक पडतो?

मांडवीकाठ: तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे फेसबुकला लाइक आणायला सांगितलं गेलं आणि त्याने ते आणले. अबोली, तुम्ही जाहिरात करताना उद्दिष्ट मेसेज येण्याचं निवडा, बटण मेसेज पाठवण्याचं ठेवा. आपलं मूल मागे पडतंय हे कुठलाही पालक जाहिरातीखाली जाहीर विचारणार नाही, गावातले चार जण ते वाचतात. खासगीत विचारेल.

अबोली: दोन्ही जाहिराती एकदमच सोडू का? रोजचे तीनशे रुपये ठरवलेत.

मांडवीकाठ: एकाच संचात दोन्ही टाकल्या तर जिला सुरुवातीला थोडा जास्त प्रतिसाद मिळतो तिच्याकडे फेसबुक लवकरच बहुतेक पैसे वळवतं आणि दुसरीला संधीच मिळत नाही. A/B test निवडलीत तर पालकांचे दोन गट होतात, प्रत्येकाला एकच जाहिरात दिसते. निदान सात दिवस चालू द्या, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात येतील. चित्र, गावं, वेळ, सगळं दोन्हींना सारखं ठेवा.

एक मर्यादा मात्र सांगते. इथे मथळा आणि मजकूर दोन्ही बदलताय. जी जिंकेल ती जोडी म्हणून जिंकेल, मथळ्यामुळे की पहिल्या ओळीमुळे ते कळणार नाही. तुम्हाला कुठलं कारण चालतं एवढंच हवं असेल तर हे पुरेसं आहे. आणि समजा एकीला नऊ चौकश्या आल्या, दुसरीला सहा, तर पहिली जिंकली असं धरू नका. नाणं पंधरा वेळा उडवलं तरी नऊ-सहा सहज पडतं. इतक्या थोड्या पैशांत आकड्यापेक्षा आलेले मेसेज वाचा. पहिलाच प्रश्न ‘क्लास कुठे आहे?’ असा येऊ लागला तर ‘घरी येऊन’ पोचलेलं नाही. ‘आमच्या बांदोड्याला याल का?’ असा आला तर पोचलं.

खांडेपार: फोंड्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ मारलं की झालं.

मांडवीकाठ: वर्तुळ सरळ रेषेत मोजलं जातं. तेवढ्यात जुवारीपलीकडचं लोटलीही येतं. वहिनी संध्याकाळी बोरीचा पूल ओलांडून जाणार असतील तर ठीक, नाहीतर वर्तुळ लहान करा.

निवृत्त मास्तर: एक महत्त्वाचं राहिलं. मूळ मजकुरात ‘अनुभवी शिक्षिका’ होतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई आहे. तुमच्या वहिनी शाळेत आहेत का? असतील तर जाहिरातच देऊ नका.

अबोली: नाही मास्तर, ती शाळेत नाही. बी.एस्सी. झाली आहे, फक्त घरोघरी जाऊन शिकवते.

निवृत्त मास्तर: मग हरकत नाही. तरीही ‘शिक्षिका’ वाचून लोक शाळेतली समजतील. बी.एस्सी. स्पष्ट लिहा.

रेवा: ‘बाई’ म्हटलं तरी शाळेतलीच बाई डोळ्यांपुढे येते की. इथे सगळी मुलं बाईच म्हणतात. शहरातली नवीन मंडळी ‘टीचर’ म्हणतील.

डिचोलकर: ‘बाई’ राहू द्या. त्यात माया आहे. टीचर तुमच्या घरी येतील, हे पाहुणे आल्यासारखं वाटतं.

रेवा: मला उलटं वाटतं. दुसऱ्या जाहिरातीत ‘बाई घरी येतील’ वाचून धुणं-भांड्याची बाई कोणी समजली तर?

मांडवीकाठ: हा धोका खरा आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. चित्रात वही-पुस्तक घेऊन बसलेली दोघं असली तर कमी होईल, पण मथळा एकटा वाचला तर उरतोच. ‘शिकवायला बाई घरी येतील’ केलं तर मथळा लांबतो आणि कापला जाण्याची भीती वाढते.

खांडेपार: ‘सोडणं-आणणं नको’ काढून टाका. ते मजकुरात आहेच.

अबोली: ‘शिकवायला बाई घरी येतील’ एवढंच ठेवते. पण ‘बाई’वर रेवा आणि डिचोलकर यांचं जुळलेलं नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, तिला मुलं ‘टीचर’च म्हणतात.

डिचोलकर: मुलं म्हणतात, पालक नव्हेत. जाहिरात पालकांसाठी आहे.

केरीकर: पेटीच्या जाहिरातीत मग काय लिहू? ‘घरी येऊन पेटी’?

रेवा: तुम्ही पेटी घेऊन याल की त्यांच्याकडे असायला हवी, ते आधी ठरवा.