मॅजिक लिंक सभासदाने उघडण्याआधीच 'वापरली' जाते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विलेपार्ल्यातल्या आमच्या वाचनालयाची साइट मी सांभाळते. ज्येष्ठ सभासद पासवर्ड विसरायचे, म्हणून ईमेलवर लिंक पाठवून लॉगिन सुरू केलं. लिंक 15 मिनिटं चालते, तीही एकदाच. बहुतेकांची मोठी सोय झाली. पण बीकेसीत नोकरी करणाऱ्या, ऑफिसचा ईमेल दिलेल्या सभासदांना क्लिक केल्यावर 'लिंक आधीच वापरली आहे' असं दिसतं.

लॉग पाहिला तर मेल गेल्यावर काही सेकंदांतच लिंक उघडलेली, आणि तीही भलत्याच आयपीवरून. म्हणजे कंपनीचा मेल तपासणारा स्कॅनर लिंक उघडून बघतो आणि टोकन तिथेच संपतं.

विचार असा आहे की `GET` वर फक्त 'आत जा' असं बटण दाखवायचं आणि टोकन `POST` झाल्यावरच संपवायचं. पण बटण दाबणारा स्कॅनर असला तर? लिंक मागवलेल्या ब्राउझरलाच कुकीने बांधावी, तर संगणकावर मागवून मोबाइलवर मेल उघडणारे अडकतील. सहा आकडी कोड दिला तर हे दोन्ही टळतं, पण फोनवर गोड बोलून कोणीही तो काढून घेईल, आणि आमच्या आजीआजोबांची मला तीच काळजी वाटते.

पासवर्डकडे परतून फारसं साधणार नाही. 'पासवर्ड विसरलात?'ची लिंकही शेवटी त्याच मेलबॉक्समध्ये जाते.

बटणाचा उपाय कोणी प्रत्यक्ष चालवलाय का? ऑफिसच्या मेलवर तो टिकला का?