बी विंग ग्रुप: १,२४० की १,२६१?

४०२ (आई): नमस्कार. लेकीचा आठवीचा चाचणीचा पेपर आज मिळाला. चक्रवाढ व्याजाच्या गणिताला तीनपैकी शून्य. मला तिची रीत बरोबर वाटतेय, कारण मीच शिकवली होती. ज्यांचा हिशेब पक्का आहे त्यांनी जरा बघा, मग उद्या बाईंना भेटते.

प्रश्न: ८,००० रुपये द.सा.द.शे. १० दराने दीड वर्षासाठी गुंतवले. व्याजाची आकारणी सहामाही असल्यास चक्रवाढ व्याज किती?

तिने पहिल्या वर्षाला सूत्र लावलं, रास आली ८,८००. उरलेल्या सहा महिन्यांचं त्यावर ५ टक्क्यांनी ४४०. एकूण रास ९,२४०, व्याज १,२४०. बाईंचं उत्तर १,२६१ आहे.

१०३: ताई, सहामाही म्हटल्यावर मुदत दुप्पट धरायची ना? दीड वर्षाचे तीन कालखंड. सूत्रात N = ३ टाका.

४०२ (आई): टाकून बघितलं. ८,००० गुणिले १.१ चा घन. १०,६४८ आले. म्हणजे व्याज २,६४८! हे तर बाईंच्याही उत्तराशी जुळत नाही.

१०३: मग माझंच कुठेतरी चुकतंय. काका, तुम्ही बघता का? तुमचा जन्म पोस्टात गेला.

२०१ (काका): बघतोय. आधी एक सांगतो, मुलीला रागावू नका. तिची रीत खोटी नाही. व्याज वर्षाला एकदा मुद्दलात मिळत असतं आणि मुदत दीड वर्ष असती, तर शाळेच्या रीतीने १,२४० हेच उत्तर बरोबर होतं. पूर्ण वर्षाचं चक्रवाढ, उरलेल्या अर्ध्याचं सरळ. पण हा प्रश्न तसा नाही. 'आकारणी सहामाही' हे दोन शब्द वाचायचे राहिले आणि सवयीचं वार्षिक सूत्र लागलं.

पुस्तकातलं `A = P(1 + R/100)^N` बघा. R हा वर्षाचा दर आणि N ही वर्षं, असं आपण पाठ करतो. खरं म्हणजे N म्हणजे व्याज मुद्दलात किती वेळा जमा झालं ती संख्या, आणि R म्हणजे त्या प्रत्येक वेळचा दर. वार्षिक आकारणीत दोन्ही वर्षावर येतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. दर सांगताना वर्षाचाच सांगतात, मग व्याज महिन्याला जमा होवो की तिमाहीला. इथे जमा होतंय दर सहा महिन्यांनी, म्हणून दर खेपेला ५ टक्के आणि खेपा तीन.

१०३, तुम्ही खेपा तीन केल्या पण दर १० च ठेवला. म्हणजे सहा महिन्यांनाच १० टक्के दिले.

४०२ (आई): पण काका, सहा महिन्यांचे ५ टक्के आम्हीही धरलेच आहेत शेवटी. मग २१ रुपये गेले कुठे?

२०१ (काका): हाच प्रश्न विचारायचा. सूत्र बाजूला ठेवा आणि पासबुकात नोंदी कराव्यात तसं लिहा.

सुरुवात: ८,०००
पहिली सहामाही, व्याज ४००, शिल्लक ८,४००
दुसरी सहामाही, व्याज ४२०, शिल्लक ८,८२०
तिसरी सहामाही, व्याज ४४१, शिल्लक ९,२६१

आता लेकीचा हिशेब याच तीन ओळींत मांडा. तिच्याकडे पहिल्या सहामाहीला ४००, दुसरीला पुन्हा ४००, तिसरीला ४४०. पहिली ओळ दोघांची सारखी. दुसऱ्या ओळीत फाटा फुटला. पहिल्या सहामाहीचे ४०० रुपये तिने मुद्दलात मिळवलेच नाहीत, वर्ष संपेपर्यंत तसेच बाजूला पडून राहिले. त्या ४०० वरचं ५ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज २० रुपये बुडालं. मग तिसऱ्या सहामाहीत त्या २० रुपयांवरचा १ रुपया बुडाला. २० आणि १, झाले तुमचे २१.

४०२ (आई): आत्ता लख्ख दिसलं! मी इतका वेळ शेवटच्या सहा महिन्यांतच चूक शोधत होते. ती तर पहिल्या वर्षाच्या मधोमध आहे.

२०१ (काका): बरोबर. म्हणून मुदत नेमकी एक वर्ष असती तरी उत्तर चुकलंच असतं. वर्षाच्या सूत्राने ८००, सहामाहीने ८२०.

३०४: काका, व्यवहारात असं सहामाही असतं का कुठे? की फक्त परीक्षेपुरतं? बँकेच्या मुदत ठेवीला तर तिमाही असतं.

२०१ (काका): असतं म्हणजे काय, मी वर्षानुवर्षं तेच वाटत होतो! आपलं राष्ट्रीय बचत पत्र. एकेकाळी त्याची मुदत ६ वर्षं होती, दर ८ टक्के, आणि चक्रवाढ सहामाही. १०० रुपयांचे मुदतीअंती १६०.१० मिळत. म्हणजे १०,००० चे १६,०१०. खिडकीशी लोक घरून हिशेब करून यायचे आणि म्हणायचे, आमचे तर १५,८६९ होतात. त्यांनी ८ टक्के आणि ६ वर्षं सूत्रात घातलेली असत. मी ४ टक्के आणि १२ सहामाह्या मांडून दाखवायचो. १४१ रुपयांचा फरक, आणि तोही गिऱ्हाइकाच्या फायद्याचा. १ एप्रिल २०१६ पासून मात्र त्याची आकारणी वार्षिक झाली. तेव्हा जुना हिशेब डोक्यात असेल त्याने आता तो लावू नये.

१०३: म्हणजे आकारणी कशी आहे ते आधी बघायचं, मग सूत्र.

२०१ (काका): हो, आणि उत्तर आलं की एक पडताळा घ्यायचा. आधी सरळव्याज काढा. ८,००० वर १० टक्क्यांनी दीड वर्षाचे १,२००. एवढ्या थोड्या मुदतीत आणि या दरात चक्रवाढ त्याच्या थोडंच वर असणार. तुमचे २,६४८ बघताक्षणी गडबड कळायला हवी, ते सरळव्याजाच्या दुपटीहून जास्त आहेत. पण १,२४० या पडताळ्यात पकडलं जात नाही, ते १,२०० च्या जवळच आहे. तिथे नोंदी मोजाव्या लागतात. दीड वर्षात सहामाही व्याज तीनदा जमा होतं, आणि लेकीच्या उत्तरात ते फक्त दोनदा जमा झालंय.

४०२ (आई): बाईंना भेटायला जात नाही आता. तिला जवळ बसवून तुमच्या तीन ओळी लिहायला लावल्या. म्हणाली, "आई, दुसऱ्या ओळीत मी ८,४०० वर नाही, ८,००० वरच व्याज घेतलं." काका, सरावाला एखादं द्या ना.

२०१ (काका): दे तिला हे: १६,००० रुपये, द.सा.द.शे. २०, मुदत ९ महिने, आकारणी तिमाही. रास काढ म्हणावं.

४०२ (आई): १८,५२२. दोन मिनिटांत. गुणाकार केलाच नाही तिने! म्हणते, तिमाहीला ५ टक्के आणि तीन तिमाह्या, म्हणजे मघाचंच गणित, फक्त पैसे दुप्पट. ९,२६१ ची दुप्पट केली.

२०१ (काका): अगदी बरोबर. उद्या संध्याकाळी तिला वही घेऊन पाठव, जुन्या बचत पत्राची झेरॉक्स आहे माझ्याकडे. त्यावरचे १२ टप्पे आम्ही दोघं मिळून लिहून काढू.