मदत हवी आहे: दादाच्या छापील बायोडाटाचं जर्मन केलं, तारखाच फिरल्या

फ्यूज_उडाला: दादा जर्मनीत इलेक्ट्रिशियनच्या कामासाठी अर्ज करतोय. मराठी बायोडाटा तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला. फाइल गेली, घडी पडलेला एकच कागद उरलाय. फोनवर फोटो काढून ॲपमधून जर्मन केलं. पण आयटीआयचं २०११ साल २०१९ झालंय, 'वीजतंत्री'चा इंजिनिअर झालाय, कंपनीच्या नावातल्या 'प्रगती'चंही भाषांतर झालंय. यातलं काय दुरुस्त करायचं नि काय तसंच ठेवायचं?

काका_सातारकर: कोर्टाच्या अधिकृत अनुवादकाकडून करून नोटरी मारा. त्याशिवाय कुणी हात लावत नाही.

स्टुटगार्टचा_पाहुणा: काका, ते प्रमाणपत्रांना लागतं. बायोडाटा स्वतः लिहिलेला चालतो, पण तो प्रमाणपत्रांशी जुळला पाहिजे.

घडी नोकऱ्यांच्या तक्त्यावरून गेलीय का? तसं असेल तर तारखा एक ओळ खाली सरकून दुसऱ्याच कंपनीला चिकटतात. भाषा शुद्ध असते, म्हणून कळत नाही. आयटीआय आणि नोकरी एकाच काळात दिसली की समजा. आधी कागदावरून मराठीतच टाइप करा. १ नि ९ फोटोत सारखे दिसतात, म्हणून प्रत्येक साल मार्कशीट आणि अनुभवपत्राशी ताडून बघा. मग जर्मन.

कंपनीचं नाव अनुभवपत्रावर इंग्रजीत जसं छापलंय तसंच. प्रमाणपत्राचंही तेच, मूळ नाव ठेवून खाली एक ओळ खुलासा:

```
08/2009 – 07/2011
Industrial Training Institute (ITI)
National Trade Certificate, Trade: Electrician
zweijährige Berufsausbildung
```

'इंजिनिअर' ठेवू नका. प्रमाणपत्र बघितलं की खोटं बोलल्यासारखं दिसेल.

मृद्गंध: माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. मी कॅनडाला करतेय. काय लिहू?

स्टुटगार्टचा_पाहुणा: ताई, पासपोर्टवरचं नाव लिहा, सोबत लग्नाचं प्रमाणपत्र जोडा. बाकी कॅनडाचं मला ठाऊक नाही, वेगळा धागा काढा.

फ्यूज_उडाला: घडी तिथूनच गेलीय! कंपन्यांच्या तारखा अदलाबदल झाल्या होत्या. अजून एक. दादाने चार वर्षं मोठ्या कारखान्यात काम केलं, पण पगार ठेकेदार द्यायचा. बायोडाटात कारखान्याचंच नाव आहे.

स्टुटगार्टचा_पाहुणा: मालक म्हणून ठेकेदार लिहा, पुढे 'कामाचं ठिकाण' म्हणून कारखाना. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कोणाचं नाव येतं ते बघा.

काका_सातारकर: कारखान्याचं नाव वजनदार आहे, तेच राहू द्या की!

फ्यूज_उडाला: काका, पीएफमध्ये ठेकेदारच दिसतोय, तेच लिहितो. पण तो बंद पडलाय, अनुभवपत्र मिळणार नाही. त्या चार वर्षांना नुसती पीएफची नोंद पुरेल का, कुणाला अनुभव आहे?