ब्रँड इक्विटीला मराठीत 'नावाची पत' म्हटलं तर चालेल का?

चाळीसगावकर: आमच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटाबद्दल बँकेला मराठीत टिपण द्यायचंय, त्यात हा शब्द अडलाय. 'नावाची पत' लिहू की 'नावलौकिक'?

तापीकाठ: नावलौकिक म्हणजे गुडविल ना, सीए ताळेबंदात दाखवतात तेच, मग तेच टाका की.

शिरपूरचा: इक्विटी म्हणजे समभाग. कंपनी समभाग काढतेय का? मला घ्यायचेत थोडे.

दाणाबाजार: नाही भो, समभागाचा इथे काही संबंध नाही. आणि गुडविल अर्धंच बरोबर आहे, तो धंदा विकत घेताना निघणारा आकडा, त्यात मोक्याची जागा, शिकलेले कामगार असं बरंच मिसळलेलं असतं. इथे फक्त नावामुळे गिऱ्हाईक किती वेगळं वागतं तेवढंच बघायचं. म्हणून मला 'पत' आवडतो. माझं कामच हे मोजायचं आहे. आधी काही न दाखवता विचारतो, काळा मसाला म्हटलं की कुठलं नाव आठवतं, आणि मग पाकीट दाखवून विचारतो, हे पाहिलंय का. दुसऱ्याला सगळेच माना डोलावतात, पण पत पहिल्या उत्तरात दिसते. आठवलं की लगेच विचारायचं, सोबत अजून काय आठवतं, कुणी शेवभाजीची तर्री म्हणतं, कुणी नुसतं 'स्वस्त आहे' म्हणतं, आणि स्वस्त म्हणणारा उद्या दुसऱ्या स्वस्ताकडे जातो.

पारोळ्याची सून: आमचं किराणा दुकान आहे, बाया तोच मसाला नेतात दर महिन्याला, म्हणजे पत पक्की ना?

दाणाबाजार: ताई, दुकानात दुसरा ठेवता का तुम्ही?

पारोळ्याची सून: नाही, उधारीवर तोच मिळतो.

दाणाबाजार: मग ती सोय झाली, निष्ठा नाही. माल संपलेल्या दिवशी बघा, बाई पुढच्या दुकानात जाते की 'द्या दुसरा कुठला' म्हणते.

चाळीसगावकर: आणि प्राइस प्रीमियम? आमचं पाकीट सुट्यापेक्षा ३० रुपयांनी महाग आहे, तेच लिहू?

दाणाबाजार: तसं लिहू नका, त्या तिसात चांगली मिरची, पाऊच, दुकानदाराचं मार्जिन सगळं आलं. एकाच लॉटचा मसाला घ्या, तेवढ्याच वजनाचा, एक कोऱ्या पिशवीत, एक तुमच्या पाकिटात, आणि दोन्हीत माल एकच आहे हे सांगू नका. कोरी पिशवी १०० ला धरा, पाकिटाचा भाव पाच-पाचने चढवत विचारा कुठलं घ्याल. समजा एक बाई ११५ पर्यंत पाकीट घेते आणि १२० ला हात कोऱ्या पिशवीकडे जातो, तर तिच्यापुरती नावाची किंमत १५ च्या आसपास. आणि नुसतं तोंडी विचारून भागवू नका, तोंडाने लोक जास्तच बोलतात, जमलं तर खरे पैसे घेऊनच विका.

चाळीसगावकर: हे पटलं. या १५ ला 'वाढीव भाव' म्हणू का?

दाणाबाजार: त्याला महागाईचा वास येतो. 'नावाचा भाव' बरा.

तापीकाठ: ते ठीक, पण 'पत' वाचून बँकवाले कर्जाची पतच समजतील की.

चाळीसगावकर: हो ना, तेच डोक्यात घोळतंय. अजून कुणाला काही सुचतंय का?